आधी चित्र, मग डबा

यंदाच्या अंकाचा विषय ‘साठवण’ असा ठरला, तेव्हा संपादकांनी धान्याची कणगी, लोणच्याची बरणी आणि बँकेचा लॉकर ही तीन प्रकरणं आधीच वाटून टाकली होती. माझ्या वाट्याला आला पत्र्याचा, छापील चहाचा डबा. सुट्या चहाचा, गोल, वर झाकण असलेला. कडा वळवलेल्या, अंगावर चित्र, आणि खिडकीतून उजेड पडला की उभी चमकदार पट्टी अंगभर उतरणारा. हा डबा मी आजवर हजार वेळा उघडला असेल, पण त्याच्या पाठीमागचा उभा सांधा कधी बोटानं चाचपून पाहिला नव्हता. म्हणून वसईच्या औद्योगिक वसाहतीतला एक मध्यम आकाराचा कारखाना गाठला. मालकांची अट एकच होती, नाव छापायचं नाही. त्यांच्याकडे बिस्किटं, मिठाई, रंग आणि चहा अशा सगळ्यांचे डबे होतात.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. इथे डबा करून त्यावर चित्र छापत नाहीत. सपाट पत्र्यावर चित्र छापतात आणि मग त्या छापलेल्या पत्र्याचा डबा वळवतात. ऐकायला बाब किरकोळ आहे. पण पुढचा प्रत्येक निर्णय, शाईचा, वार्निशचा, सांध्याच्या जागेचा, कडेच्या वळणाचा, या क्रमातून येतो. छापून झालेलं चित्र कापायचं, वाकवायचं, ठोकायचं, ओढायचं आणि तरी ते डब्यावर जसंच्या तसं दिसलं पाहिजे. या धंद्याची सगळी कसोटी तिथेच आहे.

केसापेक्षा पातळ कथील

आपण ज्याला पत्रा म्हणतो ते मुळात मऊ पोलाद असतं. चहाच्या डब्यासाठी त्याची जाडी साधारण 0.23 मिलिमीटर. त्याच्या दोन्ही अंगांना कथलाचा मुलामा असतो आणि तो इतका पातळ की आकडा ऐकून मी पुन्हा विचारला. एका चौरस मीटरला एका बाजूनं 2.8 ग्रॅम. म्हणजे जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून कमी. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. एवढ्या कथलावर पोलाद गंजण्यापासून वाचतं, आणि पत्र्याला ती चंदेरी झाकही त्याच्यामुळेच येते.

भारतात असा पत्रा बनवण्याचं जुनं ठाणं जमशेदपूरचं गोलमुरी. 1920 साली स्थापन झालेल्या टिनप्लेट कंपनीचा कारखाना तिथे उभा राहिला. ती कंपनी 2024 मध्ये टाटा स्टीलमध्ये विलीन झाली. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात तारापूरलाही आता हा पत्रा तयार होतो. वसईच्या गोदामात पत्र्यांच्या थप्प्या लाकडी पाटांवर, जाड कागदात बांधलेल्या होत्या. पावसाळ्यात ही बांधणी लगेच फोडत नाहीत. थंड पत्रा दमट हवेत उघडला की त्यावर दव धरतं, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी दिसेपर्यंत गंजाचे ठिपके उठलेले असतात.

एका पत्र्यावर हात फिरवून छपाईखात्याच्या मास्तरांनी मला तो तिरपा धरून दाखवला. “रेघा दिसतात का? बारीक, एकाच दिशेनं गेलेल्या. पत्रा लाटताना रोलरच्या उठतात. छपाईत त्या झाकायच्या की दाखवायच्या, ते आधी ठरवावं लागतं.” या रेघांचं महत्त्व मला पुढे चमक समजून घेताना कळलं.

जी शाई शोषली जात नाही

कागद शाई पितो. पत्रा एक थेंबही पीत नाही. छापलेली शाई पत्र्याच्या पाठीवर ओलीच्या ओली बसून राहते, आणि तिला तिथंच पक्की करायची तर भाजावी लागते. म्हणून पत्र्याच्या छापखान्यात यंत्रापेक्षा भट्टी मोठी असते. वसईची भट्टी अख्ख्या शेडची लांबी व्यापून होती. आत साखळीवर लोखंडी चौकटींची रांग चालते, प्रत्येक चौकटीवर एक पत्रा जवळजवळ उभा टेकलेला. थरानुसार दीडशे ते दोनशे अंश तापमान, दहा-बारा मिनिटांचा प्रवास, आणि शेवटी गार हवेचा झोत.

पहिला फेरा चित्राचा नसतोच. आधी पत्र्याच्या आतल्या बाजूला लॅकर लागतं, सोनेरी झाक असलेलं, अन्नाला चालणारं. चहाचा स्पर्श या थराला होतो, धातूला होत नाही. मग पत्रा उलटवून बाहेरच्या बाजूला पांढरा थर. मग रंग. जुन्या पद्धतीच्या यंत्रात एका वेळी एक-दोन रंग चढतात आणि प्रत्येक वेळी पत्रा पुन्हा भट्टीत जातो. अतिनील दिव्याखाली क्षणात सुकणाऱ्या शाया आल्यापासून फेरे कमी झाले आहेत, पण आतलं लॅकर आणि बाहेरचं वार्निश यांना इथे अजून भट्टी लागतेच.

छपाई होते ती ऑफसेट पद्धतीनं. चित्राची प्लेट थेट पत्र्याला लागत नाही. ती आधी रबरी ब्लँकेट गुंडाळलेल्या रोलरवर ठसा उमटवते आणि रबर तो पत्र्यावर ठेवतं. कारण उघड आहे. कडक प्लेट कडक पत्र्यावर दाबली तर दोघांमध्ये लवण्याजोगं काहीच उरत नाही. शाई कुठे लागते, कुठे लागत नाही. मऊ रबर मध्ये आलं की ते पत्र्याच्या बारीक चढउतारांत शिरतं. ही युक्ती पत्र्यासाठीच निघाली. लंडनच्या रॉबर्ट बार्कले यांनी 1875 साली पत्र्यावर छापण्याच्या ऑफसेट यंत्राचं पेटंट घेतलं. कागदावरची ऑफसेट छपाई अमेरिकेत आयरा रुबेल यांनी 1904 च्या सुमारास पुढे आणली, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. तुमच्या हातातला अंक ऑफसेटवर छापलेला असेल, तर त्याचं तंत्र आधी डब्यांवर घासून-पुसून तयार झालेलं आहे.

मास्तर ज्या कामावर होते ते एका चहावाल्या पेढीचं होतं. गडद हिरवी जमीन, वर सोनेरी वेलबुट्टी. सोनेरी शाईचा डबा मला कुठे दिसेना. त्यांनी हसून पिवळ्या शाईकडे बोट केलं. “सोनं आम्ही लावत नाही. जिथे सोनं हवंय तिथे पांढरा थर सोडून द्यायचा आणि उघड्या पत्र्यावर पारदर्शक पिवळी मारायची. खालचं कथील चमकतं, वरून पिवळी. झालं सोनं.” तांबूस हवं असेल तर पिवळीत थोडी लाल. पांढऱ्या थरावर छापलेलं पान मात्र कागदावरच्यासारखं मॅट, भरीव दिसतं. एकाच डब्यावर पान कागदाचं आणि वेल धातूची भासते, ती या एवढ्याच फरकामुळे.

एका डब्याचा हिशेब

आता त्याच डब्याची मापं घेऊ. व्यास 100 मिलिमीटर, उंची 130. पोटात साधारण एक लिटर जागा. लांब पानाचा, हलका दार्जिलिंग चहा यात पाव किलो बसतो. आपला रोजचा दाणेदार सीटीसी चहा जड, तो साडेतीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत जाईल. म्हणून डब्याचं माप ठरवण्याआधी कारखाना चहाचा नमुना मागतो. ग्रॅम सांगून भागत नाही, तो चहा जागा किती घेतो ते कळावं लागतं.

बॉडीसाठी लागणारी पट्टी घेरापेक्षा मोठी. घेर 314 मिलिमीटर, त्यात उभ्या सांध्याच्या घड्यांसाठी सुमारे 9, झाले 323. उंचीत वरच्या कडेच्या वळणासाठी पाच आणि तळ बसवण्यासाठी तीन मिळवले की 138. साधारण 980 बाय 840 मिलिमीटरच्या पत्र्यावर अशा तीन पट्ट्या आडव्या आणि सहा उभ्या बसतात. म्हणजे एका पत्र्यात अठरा बॉड्या.

या अठराच्या आकड्यात धंद्याची एक मोठी अडचण दडलेली आहे. एखाद्या होतकरू चहावाल्याला स्वतःच्या चित्राचे दहा हजार डबे हवे असतील, तर बॉडीसाठी पत्रे लागतात साडेपाचशेच्या आसपास. छपाईयंत्र तासाला काही हजार पत्रे ओढतं. काम मिनिटांत संपतं, पण त्याआधी प्लेटा चढवणं, रंग जुळवणं, भट्टी तापवणं यात अर्धा दिवस जातो आणि जुळवाजुळवीत वाया जाणारे पत्रे वेगळेच. म्हणून लहान पेढ्यांना बहुधा एकरंगी डबा घेऊन वर कागदी लेबल चिकटवावं लागतं. दुकानात छापील डबा दिसला तर त्यामागे मोठा खप आहे, किंवा मोठी हौस.

सांधा पाठीमागे का असतो

पट्ट्या कापल्या की त्या बॉडी करणाऱ्या यंत्राकडे जातात. इथला आवाज वेगळा, ठोक्यांचा. पट्टीचे चारही कोपरे आधी खाचले जातात. मग दोन्ही टोकांना आकडे वळवतात, एक वर, एक खाली. पट्टी गोल वाकते, आकडे एकमेकांत अडकतात आणि आतल्या साच्यावर हातोडीचा एक ठोका बसतो. आकडे चपटे होऊन घट्ट बसतात. ना डाग, ना वेल्डिंग. याला कारखान्यात लॉक सीम म्हणतात. अन्न वाफवून हवाबंद करायच्या डब्याला हा सांधा चालत नाही, पण कोरड्या चहाला तो पुरतो.

अडकलेल्या जागी पत्र्याचे चार पदर एकावर एक येतात. ही जाडी बाहेर आली तर हाताला लागेल आणि झाकण अडेल, म्हणून ती आत दाबली जाते. शिवाय वरच्या आणि खालच्या टोकाला, जिथे कोपरे खाचले होते, तिथे आकडे नसतातच. दोन पदर नुसते एकावर एक बसतात. त्यामुळे वरच्या कडेचं वळण आणि तळाची शिलाई सांध्यापाशी अडखळत नाही. खाच मिलिमीटरभर चुकली तर डबा दिसायला ठीक असतो, पण झाकण एकाच जागी घट्ट बसतं आणि समोरच्या बाजूला फट राहते.

इथे चित्रकारालाही धडा आहे. पट्टीची दोन टोकं जिथे मिळतात तिथे चित्रही जुळायला हवं. कापणीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक गृहीतच धरलेला असतो. अंगभर फिरणारी आडवी बारीक रेघ काढली, तर सांध्यापाशी तिला पायरी पडलेली दिसणारच. अनुभवी चित्रकार म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाची जमीन ठेवतो, वेल अलीकडेच संपवतो, आणि वजन, किंमत, परवान्याचा क्रमांक, बारकोड ही सगळी सरकारी मंडळी त्या बाजूला नेऊन बसवतो. डब्याला पाठ असते ती यामुळे.

आणखी एक बिघाड मला मुद्दाम दाखवण्यात आला. बाजूला काढलेला एक डबा दिव्यासमोर धरला तर तो गोल नव्हता. अंगावर उभे चपटे पट्टे पडले होते, जणू पन्नास बाजूंचा खांब. दोष ना साच्याचा, ना कारागिराचा. दोष भट्टीचा. मऊ पोलाद तापवलं की त्यातले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू सरकून धातूच्या आतल्या घसरणीच्या जागा अडवून बसतात. असा पत्रा वाकवताना सलग लवत नाही. एका रेषेवर एकदम झुकतो, पुढे थोडा ताठ राहतो, पुन्हा झुकतो. छपाईसाठी पाच-सहा वेळा भाजलेला पत्रा म्हणूनच जास्त हट्टी. उपाय यंत्रातच आहे. गोल वळवण्याआधी पट्टी लहान रोलरांमधून उलटसुलट वाकवून काढतात, म्हणजे त्या अडवून धरलेल्या जागा मोकळ्या होतात. हे रोलर नीट आवळलेले नसले की पट्टे उठतात. चित्र आधी छापायचं ठरवलं, त्याची ही किंमत.

ओढलेलं झाकण आणि ताणलेली अक्षरं

झाकणाची गोष्ट बॉडीपेक्षा अवघड, कारण त्याला सांधा नसतो. सपाट चकतीतून प्रेसचा पंच एका दाबात वाटीसारखा आकार ओढून काढतो. आपल्या डब्याचं झाकण 101 मिलिमीटर रुंद आणि त्याची बाजू 25 मिलिमीटर खोल आहे. त्यासाठी लागणारी चकती 150 मिलिमीटरची.

आता या चकतीच्या काठावर काय होतं ते पाहा. काठाचा घेर 471 मिलिमीटर. झाकण तयार झाल्यावर तोच काठ 317 मिलिमीटरच्या घेरात मावलेला असतो. म्हणजे आडव्या अंगानं चित्र दोन-तृतीयांशावर आवळलं जातं. तो धातू जाणार कुठे? तो खाली सरकतो. चकतीवर मधल्या भागापासून काठापर्यंत अंतर साडेचोवीस मिलिमीटरच असतं, पण ओढल्यावर त्याचे तीस मिलिमीटर होतात. पंचवीस बाजूला आणि उरलेले काठाच्या वळणात. झाकणाच्या माथ्यावरचं चित्र जवळजवळ आहे तसं राहतं. बाजूवरची अक्षरं मात्र उंचीत लांब आणि रुंदीत चेपून निघतात.

म्हणून ती छापतानाच उलट बिघडवून छापतात. मास्तरांच्या टेबलावर एक जुनं झाकण होतं, त्यावर चित्र नाही, फक्त चौकटीची जाळी. नव्या साच्यासाठी आधी सपाट चकतीवर अशी जाळी छापायची, झाकण ओढायचं आणि प्रत्येक चौकट कुठे, किती सरकली ते मोजायचं. मग त्या मापानं चित्र आधीच फाकवून ठेवायचं. छापलेल्या पण न ओढलेल्या चकतीवर चहाचं नाव काठाकडे पसरत गेलेलं, बुटकं आणि बेढब दिसत होतं. शेजारच्या टोपलीतल्या तयार झाकणावर तेच नाव सरळ, नेटकं उभं होतं.

या ओढण्यात शाई आणि वार्निश दोन्ही पत्र्याबरोबर ताणले जातात. वार्निश भट्टीत कमी भाजलं तर मऊ राहतं आणि प्रेसमध्ये ओरखडे पडतात. जास्त भाजलं तर ठिसूळ होतं आणि काठाच्या वळणावर बारीक तडे जाऊन पापुद्रा सुटतो. म्हणून प्रत्येक थप्पीतला एक पत्रा आधी वाकवून, ठोकून पाहिला जातो; छापलेल्या भागावर जाळीदार चिरा पाडून त्यावर चिकटपट्टी लावून झटकन ओढतात. पट्टीला रंग आला तर पूर्ण थप्पी बाजूला.

वळवलेल्या कडेची दोन कामं

कापलेला पत्रा सुरीसारखा असतो. कारखान्यात हातमोज्यांशिवाय कुणी पट्टी उचलत नाही. डबा मात्र घरात जायचा, लहान मुलाच्या हातात पडायचा. म्हणून उघडी कड गोल गुंडाळून आत लपवतात. आपल्या डब्यात बॉडीची वरची कड आतल्या बाजूला वळलेली आहे आणि झाकणाची खालची कड बाहेरच्या बाजूला. बॉडीचं वळण बाहेर असतं तर झाकण वरून सरकलंच नसतं. झाकणाचं बाहेर आहे, कारण उघडताना बोटाला तिथेच पकड मिळते.

हे वळण घडवायला वेगळं अवजार लागतं. अर्धगोल खोबण असलेला कडक पोलादी साचा काठावर दाबला जातो. पत्र्याची कड खोबणीत शिरते, भिंतीला धरून वळते आणि फिरून स्वतःकडे येते. पाच मिलिमीटर पत्र्याचं दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचं वेटोळं होतं. आत तार नसते, पोकळच असतं. पण पाव मिलिमीटरच्या पत्र्याला ते असा ताठपणा देतं की डबा दाबला तरी तोंड गोलच राहतं. तोंड गोल राहिलं तरच झाकण सगळीकडून सारखं बसतं. हाताला न लागणं हे पहिलं काम. गोलाई धरून ठेवणं हे दुसरं, आणि चहाच्या दृष्टीनं तेच जास्त मोलाचं.

कमकुवत जागाही हीच. पत्रा कापला की कापलेल्या कडेवर पोलाद उघडं पडतं. तिथे ना कथील, ना लॅकर. ही उघडी कड वेटोळ्याच्या पोटात असते. डबा धुतला की पाणी तिथे शिरतं आणि बाहेर येत नाही. काही आठवड्यांनी वळणाच्या आतून तपकिरी रेघ झिरपायला लागते. जुन्या डब्यांना गंज बहुतेक वेळा काठापासून आणि तळाच्या शिलाईपासून लागतो, मधल्या अंगाला फार उशिरा, त्याचं कारण हे.

झाकणाची फट

कारखान्यातून निघणाऱ्या चांगल्या चहात ओलावा तीन-चार टक्के असतो. तो सहा-सातच्या पुढे गेला की चहा मंद पडायला लागतो, वास हरवतो. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात उघड्या चहाला तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. शिवाय चहा शेजाऱ्याचा वास घेतो; लवंगेजवळ ठेवला तर लवंगेचा, साबणाजवळ ठेवला तर साबणाचा. उजेड पत्र्यानं अडवलेलाच असतो. प्रश्न उरतो हवेचा.

नुसतं वरून बसणारं झाकण हवा पूर्ण रोखत नाही. ते सरकायला बॉडी आणि झाकण यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरचा खेळ ठेवावाच लागतो. हवेची वाट लांब आणि अरुंद करणं एवढंच त्याच्या हातात आहे, म्हणून खोल बाजूचं झाकण उथळ झाकणापेक्षा चांगलं. बॉडीवर थोडं खाली एक उठावदार आडवी कड असते, झाकणाचा वळवलेला काठ तिच्यावर टेकतो. बाहेरून आपल्याला दिसणारी झाकणाची रेघ ती हीच. ती सगळीकडे सारखी बारीक असेल तर झाकण आणि बॉडी दोन्ही गोल आहेत. एका बाजूला मिटलेली आणि दुसऱ्या बाजूला उघडी असेल तर काहीतरी लंबगोल झालं आहे. चांगल्या डब्याला आत दुसरं, दाबून बसणारं झाकण असतं. ते तोंडाच्या आत वळलेल्या कडेला घट्ट लागतं. हवेचा खरा बंदोबस्त ते करतं.

उजेडाची पट्टी खोटं बोलत नाही

शेवटच्या टेबलावर दोन बायका बसल्या होत्या. समोर लांब ट्यूबलाइट. त्या डबा उचलत, दिव्याखाली हळूच फिरवत आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत. चित्राकडे त्या बघत नव्हत्या. “चित्र छपाईवाले बघतात,” त्यातल्या एक ताई म्हणाल्या. “आम्ही दिव्याची रेघ बघतो. ती सरळ पाहिजे.”

गोल डबा आरशासारखा वागतो. समोरची अख्खी खोली तो आडव्या दिशेनं आवळून एका उभ्या पट्टीत आणतो. दिवा कितीही रुंद असो, डब्यावर त्याची चिंचोळी, वरपासून खालपर्यंत जाणारी पट्टी होते. अंगाला जरासा पोचा असला की पट्टी तिथे वाकते किंवा तुटते. डोळ्यांना न दिसणारा खळगा पट्टीत लगेच सापडतो. मघाचा चपट्या पट्ट्यांचा डबा दिव्याखाली धरला तर आणि फिरवला तर पट्टी एका जागी ठरत नाही, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. झाकणाच्या वळणावर दिव्याचा ठिपका बारीक चकाकत्या कडीसारखा फिरतो. वार्निशला तडा असेल तिथे ती कडी खरखरीत होते.

आणि ती चमक मऊ का दिसते, हेही इथेच कळलं. डब्यावर चमक एक नसते, दोन असतात. वरची चमक वार्निशची. वार्निश पारदर्शक आहे, त्याच्या पाठीवरून परतणारा उजेड खालच्या रंगाची पर्वा करत नाही. हिरव्या जमिनीवरही ही पट्टी पांढरीच दिसते, काठ रेखीव. दुसरी चमक त्याखालच्या कथलाची, आणि ती फक्त तिथेच जिथे पांढरा थर सोडलेला आहे. उजेड पिवळ्या शाईतून आत जातो, धातूवरून परततो आणि पुन्हा शाईतून बाहेर येतो, म्हणून ही चमक सोनेरी. मास्तरांनी दाखवलेल्या लाटणीच्या रेघा आता कामाला येतात. त्या उजेडाला आडवा फाकवतात, त्यामुळे ही पट्टी रुंद आणि कडेला विरत जाणारी. पांढऱ्या रेखीव पट्टीभोवती सोनेरी धूसर पट्टी, असं ते दृश्य असतं. वार्निश मॅट वापरलं तर वरची पट्टीही पसरते आणि डबा रेशमी दिसतो. पण मॅट वार्निशवर बोटांचे आणि घासल्याचे डाग लवकर उमटतात, म्हणून रोज हाताळायच्या डब्याला चकचकीतच बरं, असं इथल्या मंडळींचं मत.

जाहिरातीसाठी डब्याचे फोटो काढणारे याच नियमाशी झगडतात. उघडा बल्ब लावला तर डब्यावर बल्बच दिसतो. म्हणून ते डब्याच्या बाजूंना मोठे पांढरे कागद उभे करतात आणि दिवा त्या कागदावर टाकतात; डब्यात मग दिव्याऐवजी उजळलेला कागद दिसतो. कागदाच्या कडेला काळा पुठ्ठा ठेवला की डब्याच्या दोन्ही बाजूंना गडद किनार येते आणि गोलाई डोळ्यांत भरते. फोटोतल्या डब्यावरची पट्टी वेडीवाकडी असेल तर खुशाल समजावं की पोचा आलेला डबा कॅमेऱ्यासमोर ठेवला होता.

डबा घेताना आणि वापरताना

हे सगळं पाहून आल्यावर वाचकांना सांगण्यासारखं थोडकं उरतं. डबा घेताना तो खिडकीजवळ नेऊन फिरवा. उजेडाची पट्टी सरळ राहिली पाहिजे. झाकणाची रेघ चारही बाजूंनी सारखी आहे का ते पाहा. काठावरून बोट फिरवा, कुठे खरखर लागली तर तिथून पापुद्रा सुटणार आहे. पाठीमागचा सांधा आतून चाचपा. तो सपाट असावा, धार लागू नये. मग झाकण उघडून वास घ्या. आतलं लॅकर कच्चं भाजलेलं असेल तर नव्या डब्याला रंगाचा वास येतो आणि तो चहात उतरतो. शंका आली तर चिमूटभर चहा आत टाकून रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी तोच करून प्या.

घरी आणल्यावर डबा धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. जुना चहा संपल्याशिवाय नवा त्यावर ओतू नका, आणि आतलं दुसरं झाकण अडगळ म्हणून फेकून देऊ नका. बाहेरचं झाकण डब्याची शोभा सांभाळतं. चहा सांभाळतं ते आतलं.